‘आणि’साठी उजवा शिफ्ट

‘आणि’ हा शब्द टाईप करायला इनस्क्रिप्टमध्ये तीन कळा पुरतात. शिफ्ट धरून E दाबला की ‘आ’, शिफ्ट धरून C दाबला की ‘ण’ आणि शेवटी नुसता F दाबला की ऱ्हस्व वेलांटी. E आणि C या दोन्ही कळा डाव्या हाताच्या वाट्याच्या, त्यामुळे शिफ्ट उजव्या करंगळीनेच धरावा लागतो. आता समजा, एखाद्या अनुवादकाने हौसेने छोटेखानी, खाली रंगीत दिवे असलेला कीबोर्ड घेतला. बाणांच्या कळा बसवायला जागा हवी म्हणून कंपनीने त्याचा उजवा शिफ्ट निम्मा करून टाकला आहे आणि त्याला खेटून वर जाणारा बाण बसवला आहे. पहिल्या दिवशी ‘आणि’ लिहिताना ‘आ’ नीट उमटतो, पण दुसऱ्या वेळी करंगळी शिफ्टऐवजी बाणावर पडते. कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो, शिफ्ट न लागल्यामुळे C मधून ‘ण’ऐवजी ‘म’ येतो आणि वरच्या ओळीतल्या कुठल्यातरी बिचाऱ्या शब्दाच्या पोटात ‘मि’ घुसतो. खाली उरतो तो एकटा ‘आ’.

कीबोर्ड बिघडलेला नसतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याच्यावर काही त्रासही होत नाही, कारण इंग्रजीत मोठे अक्षर वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावाला लागते, एरवी उजव्या शिफ्टकडे कुणी फिरकत नाही. मराठीत मात्र स्वराने सुरू होणारा जवळजवळ प्रत्येक शब्द उजव्या शिफ्टने सुरू होतो: आई, आहे, एक, असे, उद्या, ओळ. शिवाय प्रत्येक ‘ण’लाही तोच लागतो. मराठीसाठी कीबोर्ड निवडायचा तर नजर नेमकी कुठे ठेवायची, हे या एका कळेवरून कळते. दुकानदार दाखवतो ते दिवे, मल्टिमीडियाची बटणे आणि ‘गेमिंग’चा शिक्का बाजूला ठेवायचे आणि कीबोर्डाची उजवी कड निरखायची.

त्यासाठी आधी मांडणी थोडी समजून घ्यायला हवी. इनस्क्रिप्ट ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली, १९८८ मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. १३१९४ या मानकात ती आली. आज विंडोजमध्ये ‘मराठी’ हा कीबोर्ड जोडला की जी मांडणी मिळते ती हीच. तिची रचना मोठी सुबक आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. काना E वर, दीर्घ वेलांटी R वर, एक मात्रा S वर आणि अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह D वर. क, त, प, र ही व्यंजने उजव्या हाताच्या मधल्या ओळीत. ‘किती’ लिहिताना K, F, L, R असा हात आलटून पालटून पडतो. उजवा-डावा-उजवा-डावा. पोळपाटावर लाटणे फिरावे तशी त्याला लय असते आणि ती जमली की बोटे थकत नाहीत. अपवाद म, न, व यांचा. ती व्यंजने डाव्या हाताच्या खालच्या ओळीत, C, V आणि B वर बसवलेली आहेत.

व्यंजने इंग्रजी अक्षरांपेक्षा जास्त, म्हणून ती उजवीकडे सांडली. इंग्रजीत अर्धविराम, अवतरण, चौकटी कंस आणि तिरकी रेघ असलेल्या कळा इनस्क्रिप्टमध्ये नेहमीच्या अक्षरांच्या झाल्या. अर्धविरामाच्या कळेवर ‘च’, अवतरणाच्या कळेवर ‘ट’, डाव्या चौकटी कंसावर ‘ड’, तिरक्या रेघेवर ‘य’. उलट्या तिरक्या रेघेवर ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ आणि बरोबरच्या चिन्हावर ‘कृपा’मधला ‘ृ’. म्हणजे ‘चहा’, ‘टोपी’, ‘डबा’, ‘यादी’ यांतला प्रत्येक शब्द उजव्या करंगळीने सुरू होतो. इंग्रजी टायपिस्टची ही करंगळी अधूनमधून स्वल्पविरामाच्या शेजारणींकडे जाते, मराठी टायपिस्टची दिवसभर राबते.

कीबोर्ड बनवणारे मात्र जागा वाचवायची वेळ आली की सगळ्यात आधी याच कळांवर कुऱ्हाड चालवतात. छोट्या लॅपटॉपवर आणि स्वस्त ब्लूटूथ कीबोर्डांवर A, S, D पूर्ण रुंदीच्या असतात, पण कंस, अवतरण आणि तिरकी रेघ यांच्या कळा चिंचोळ्या केलेल्या आढळतात. त्याहून लहान कीबोर्डांत तर त्या ‘एफएन’ बटणाखाली दडवलेल्या असतात. जिथे ‘ट’ लिहायला दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात, त्या कीबोर्डावर इनस्क्रिप्टने मराठी लिहिणे हा छळ आहे. अंकांची ओळच नसलेले अतिलहान कीबोर्डही बाद, कारण ‘बॅट’मधला ‘ॅ’ शिफ्ट धरून २ च्या कळेवर मिळतो आणि त्र, क्ष, ज्ञ, श्र ही जोडाक्षरेही त्याच ओळीत शिफ्टसोबत एका दाबात येतात.

खिशात छोटी पट्टी असेल तर एक सोपी मोजणी करता येते. पूर्ण आकाराच्या कीबोर्डावर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असते. म्हणून Q च्या डाव्या कडेपासून P च्या उजव्या कडेपर्यंत जवळजवळ १९ सेंटिमीटर भरले पाहिजेत. ते भरले, तर पुढे पाहायचे की कंस, अवतरण आणि तिरक्या रेघेच्या कळा A इतक्याच रुंद आहेत का, आणि उजवा शिफ्ट तिरक्या रेघेला लगेच चिकटून आणि लांब आहे का. एंटरचा आकारही बघावा. काही कीबोर्डांत एंटर उलट्या L सारखा ऐसपैस असतो. त्याच्यामुळे उलट्या तिरक्या रेघेची कळ बॅकस्पेसशेजारी जाते आणि बॅकस्पेस बारीक होतो. ‘ऑफिस’, ‘कॉलेज’, ‘डॉक्टर’ असे शब्द रोज लिहिणाऱ्याला हा बदल चांगलाच जाणवतो.

परदेशातल्या मराठी माणसांना ही गंमत वेगळ्या तऱ्हेने भेटते. ब्रिटनमध्ये विकत घेतलेल्या कीबोर्डावर उलटी तिरकी रेघ डाव्या शिफ्टशेजारी छापलेली असते. विंडोजमध्ये मराठी मांडणी लावल्यावर मात्र ‘ॉ’ त्या कळेवर सापडत नाही, तो एंटरजवळच्या # छापलेल्या कळेवर असतो. कारण संगणक कळेवरचे चित्र वाचत नाही, कळेची जागा ओळखतो आणि अमेरिकी कीबोर्डावर उलटी तिरकी रेघ तिथेच असते. शिवाय ब्रिटिश कीबोर्डावर डावा शिफ्टही आखूड असतो. ख, घ, छ, झ, ठ, थ, ध, फ, भ ही महाप्राण व्यंजने आणि श, ष, ळ यांच्यासाठी डावा शिफ्टच लागतो, तेव्हा लंडन-लेस्टरच्या मराठी घरांनी शक्य असेल तर अमेरिकी मांडणीचा कीबोर्ड मागवलेला बरा. भारतात मिळणारे बहुतेक कीबोर्ड त्याच मांडणीचे असतात.

कळांवर देवनागरी छापलेला कीबोर्ड घ्यावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शिकण्याच्या पहिल्या महिन्यात त्याचा उपयोग होतो. टीव्हीएससारख्या कंपनीने देवनागरी छपाईच्या आवृत्त्या काढलेल्या आहेत, त्या सरकारी कार्यालयांत दिसतात. पण निव्वळ छपाईसाठी खराब कळांचा कीबोर्ड घेणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून पुस्तक घेणे. चांगला साधा कीबोर्ड घेऊन त्यावर पारदर्शक पाठीचे स्टिकर लावता येतात, किंवा मांडणीचा कागद छापून पडद्याखाली चिकटवता येतो. स्टिकर घेताना एक तपासणी हवी. K वर ‘क’ असेल तर ते इनस्क्रिप्टचे. K वर काना दिसला तर ते रेमिंग्टनचे, म्हणजे टंकयंत्राच्या पद्धतीचे. बाजारात दोन्ही ‘हिंदी-मराठी स्टिकर’ या एकाच नावाने विकले जातात आणि चुकीचा संच लावला की प्रत्येक अक्षर खोटे बोलते.

टंकयंत्राचा वारसा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. गोदरेजने १९५५ पासून बनवलेल्या यंत्रांवर हजारो लोक शिकले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणकावरच्या मराठी टंकलेखनाची प्रमाणपत्र परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या वेगासाठी घेते. जे परीक्षेची तयारी करत आहेत त्यांनी आपल्या संस्थेत कोणती मांडणी शिकवतात हे आधी विचारून मगच स्टिकर घ्यावेत. जुन्या टायपिस्टांना इनस्क्रिप्टवर आल्यावर एक विचित्र अनुभव येतो. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय असते, कारण कागदावर ती आधी दिसते. इनस्क्रिप्टला ती अक्षरानंतर हवी असते. सवयीने वेलांटी आधी मारली की ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते. अशा वेळी कीबोर्ड परत करायला दुकानात जाऊ नये. दोष बोटांच्या सवयीचा आहे आणि दोन-तीन आठवड्यांत तो जातो.

जे रोमन लिपीत ‘maharashtra’ असे लिहून मराठी उमटवतात, त्यांचे या बाबतीत बरे आहे. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आत असतो आणि त्याला जवळपास सगळे काम २६ अक्षरांच्या कळांवर करता येते. त्यांच्यासाठी कुठलाही बरा इंग्रजी कीबोर्ड चालतो. फक्त कळा जास्त पडतात. ‘घर’ला इनस्क्रिप्टमध्ये दोन दाब, रोमनमध्ये चार. कारण व्यंजनातला ‘अ’ इनस्क्रिप्ट फुकट देते.

आता कळांच्या स्पर्शाकडे. बाजारात मुख्यतः तीन जाती आहेत. मेम्ब्रेन कीबोर्डात कळेखाली रबराची लहान टोपी असते. ती दबली की खालच्या दोन पातळ पापुद्र्यांवरची जोडणी होते. लॅपटॉपमध्ये कळेखाली कात्रीसारखी प्लास्टिकची घडी असते आणि कळ एक-दोन मिलिमीटरच खाली जाते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचांनी या जातीला रंगांची भाषा दिली. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी स्विच वाटेत हलकासा अडथळा देतो आणि निळा स्विच अडथळ्यासोबत ‘टिक’ असा आवाज करतो. पूर्ण प्रवास ४ मिलिमीटर, पण लाल आणि तपकिरी स्विचमध्ये २ मिलिमीटरवरच अक्षर उमटते. चेरीचे पेटंट संपल्यावर गेटरॉन, कैल, औटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच आराखड्याचे स्विच काढले, रंगांची नावे तीच ठेवली.

लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅमचा जोर लागतो, तपकिरीला ५५ च्या आसपास, निळ्याला ६० च्या. इंग्रजीसाठी निवड करताना लोक तर्जनीने कळ दाबून बघतात आणि ‘छान वाटतंय’ म्हणून घेतात. मराठीसाठी ती परीक्षा चुकीच्या बोटाची आहे. ज, ड, च, ट, य यांचा सगळा भार उजव्या करंगळीवर, आणि ‘ो’, ‘ौ’ डाव्या करंगळीवर. शिवाय दोन्ही शिफ्ट त्याच दोघींकडे. म्हणून दुकानात हात टेबलावर ठेवून करंगळीने अवतरणाची कळ वीस-तीस वेळा दाबून पाहावी. तळहाताच्या कडेत ताण जाणवला तर ती कळ जड आहे, तर्जनीचे मत काहीही असो. बहुतेकांना ४५ ते ५५ ग्रॅमच्या टप्प्यातला हलका अडथळा देणारा स्विच मानवतो. अडथळा कळला की बोट तळापर्यंत आपटावे लागत नाही. निळ्या स्विचचा आवाज टंकयंत्रावर वाढलेल्यांना आवडतो. घरात रात्री कुणी झोपलेले असेल तर मात्र त्यावरून भांडणे होतात.

शिफ्टसारख्या लांब कळेची परीक्षा वेगळी. ती मधोमध दाबली तर सगळ्यांचीच खाली जाते. करंगळी मात्र तिच्या आतल्या किंवा बाहेरच्या टोकावर पडते. टोकाला दाबल्यावर कळ तिरपी होऊन अडकत असेल, किंवा उशिरा उठत असेल, तर मराठीत त्याचे परिणाम लगेच वाचता येतात. शिफ्ट नीट लागला नाही की ‘केळी’ची ‘केली’ होते, ‘पाणी’चे ‘पामी’ होते, ‘घर’चे ‘गर’ होते. शिफ्ट सुटायला उशीर झाला तर पाय मोडण्याच्या चिन्हाऐवजी त्याच D कळेवरचा ‘अ’ उमटतो आणि जोडाक्षराच्या मध्ये एक आगंतुक येऊन बसतो. टाईप केलेल्या पानावर अशा चुका ळ, ण आणि महाप्राण अक्षरांभोवतीच गोळा झालेल्या दिसल्या, तर आधी शिफ्ट तपासायचा.

वायरलेस कीबोर्डाची एक खूणही देवनागरीत ठळक दिसते. बॅटरी वाचवण्यासाठी तो थोड्या वेळाने डुलकी घेतो. काही स्वस्त कीबोर्ड जागे होताना पहिला दाब गिळतात. इंग्रजीत एक अक्षर गळते, शब्द ओळखू येतो. मराठीत ‘काम’मधला ‘क’ गळला की काना ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटा उभा राहतो. परिच्छेदांच्या सुरुवातीला अशी वर्तुळे वारंवार दिसू लागली तर सेल बदलून पाहावेत, आणि तरीही तेच होत असेल तर यूएसबी वायरचा कीबोर्ड घ्यावा. दिवसभर एकाच टेबलावर बसणाऱ्याला वायर काही बोचत नाही.

कंपन्यांची निवड या सगळ्यानंतर येते, आणि ती वाटते तितकी अवघड नाही. रोज दोन-चार पाने लिहिणाऱ्यासाठी लॉजिटेकचा के१२० किंवा डेलचा केबी२१६ हे साधे वायरवाले मेम्ब्रेन कीबोर्ड पुरेसे आहेत. दोन्ही पूर्ण आकाराचे, उजवा शिफ्ट लांब, चिन्हांच्या कळा पूर्ण रुंदीच्या. हजार रुपयांच्या आत येतात. के१२० वर थोडा चहा सांडला तरी निभावते, आणि मराठी लेखकाच्या टेबलावर ही सोय फालतू नाही.

आयुष्याचे आकडे वाचून घाबरू नये. मेम्ब्रेन कळेला ५० लाख ते १ कोटी दाबांचे आयुष्य सांगतात, मेकॅनिकलला ५ ते १० कोटी. समजा, एखादा डीटीपी करणारा कान्याची कळ दिवसाला ३ हजार वेळा दाबतो आणि वर्षाचे ३०० दिवस काम करतो. वर्षाला ९ लाख दाब झाले. १ कोटीचे आयुष्य असलेली कळ अकरा वर्षे जाईल. त्याआधी छपाई पुसलेली असेल, वायर मुडपलेली असेल किंवा रबर आळसावून कळ जड झालेली असेल. मेकॅनिकल कीबोर्डाचा खरा फायदा हा की वर्षांनंतरही कळेचा स्पर्श फारसा बदलत नाही.

भारतात या जातीचे सर्वांत ओळखीचे नाव चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचे ‘गोल्ड’. बँका, नोंदणी कार्यालये, छापखाने यांत त्याचा कडकडाट अनेकांनी ऐकला असेल. जुन्या आवृत्त्यांत चेरीचे निळे स्विच होते. पण कंपन्या स्विच बदलत असतात, त्यामुळे आज घेताना खोक्यावर स्विचचे नाव वाचावे, विक्रेत्याच्या आठवणीवर जाऊ नये. कार्यालयीन कामाला तो दणकट आहे, घरासाठी मात्र फार बोलका. हाँगकाँगच्या कीक्रॉनचे कीबोर्ड महाग, पण त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत स्विच चिमट्याने काढून दुसरे बसवता येतात. करंगळीखालच्या कळांना हलके स्विच आणि बाकीच्यांना नेहमीचे, अशी तजवीज त्यात जमते. मराठीसाठी हा खर्च सार्थकी लागू शकतो. घेताना अंकांचा भाग नसलेले मॉडेल घ्यावे, पण त्याहून लहान नको, कारण त्याच्या पुढच्या पायरीपासून उजवा शिफ्ट कापायला सुरुवात होते.

अंकांचा भाग नसावा, असे का? इथून माऊसचा विषय सुरू होतो. इनस्क्रिप्टमध्ये उजवा हात व्यंजनांनी आधीच भरलेला असतो आणि वर माऊसही त्याच हाताकडे. पूर्ण कीबोर्डाच्या उजवीकडचा अंकांचा भाग माऊसला आठ-नऊ सेंटिमीटर लांब ढकलतो. प्रत्येक वेळी दंड बाहेर फेकावा लागतो आणि संध्याकाळी खांदा बोलू लागतो. लेखन, अनुवाद, मुद्रितशोधन करणाऱ्याला अंकांचा भाग क्वचितच लागतो. हिशेबनीसाला तो हवाच. त्याने मग माऊस डावीकडे ठेवून बघावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये माऊसची मुख्य कळ बदलता येते आणि आठवडाभरात डावा हात सरावतो. त्यासाठी माऊस दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा हवा, लॉजिटेकच्या एम१८५ सारखा. उजव्या अंगठ्यासाठी खोलगट केलेला माऊस डाव्या हातात बसत नाही.

मराठी मजकुरात माऊसला एक खास काम पडते. ‘प्रसिद्ध’ ऐवजी ‘प्रसिध्द’ लिहिण्याची चूक सगळीकडे दिसते. ती दुरुस्त करायला ‘ध्द’च्या मधोमध क्लिक करून चालत नाही, कारण कर्सर जोडाक्षराच्या आत शिरत नाही. क्लिक जोडाक्षराच्या लगेच नंतर पडला पाहिजे. मग बॅकस्पेस तीनदा दाबायचा: द जातो, पाय मोडल्याची खूण जाते, ध जातो. आता O, D आणि शिफ्टसह O दाबले की ‘द्ध’ तयार. इथे बॅकस्पेसऐवजी डिलीट वापरला तर बहुतेक प्रोग्रॅममध्ये पुढचे अख्खे अक्षर मात्रेसकट एका फटक्यात उडते. मुद्रितशोधकाला असे क्लिक दिवसातून शेकड्यांनी करावे लागतात. म्हणून माऊसचा बाण फार वेगाने पळणारा नको. वेग कमी करून दोन अक्षरांच्या फटीत पहिल्याच प्रयत्नात क्लिक पडतो का, हे बघावे. हाताला माऊस लहान पडत असेल तर बोटे आवळली जातात आणि नेम चुकतो. तळहात पूर्ण टेकेल एवढा आकार हवा.

मनगट दुखणाऱ्यांसाठी उभा माऊस आहे. लॉजिटेकच्या लिफ्ट या मॉडेलची पाठ ५७ अंशांत तिरपी आहे, हस्तांदोलनाला पुढे केलेल्या हातासारखी. तो लहान-मध्यम हातांसाठी आहे आणि डाव्या हाताची आवृत्तीही मिळते. त्यावर बारीक नेम धरायला आठवडा जातो. आणखी एक जुना मार्ग लेनोवोच्या थिंकपॅड कीबोर्डांवर आहे: G, H आणि B यांच्या मध्ये बसवलेला लाल ठिपका. बोट जरासे ढकलले की बाण सरकतो, हात कळांवरून उठतच नाही. मुद्रितशोधकाला ही सोय आवडून जाते, पण ती सवयीची गोष्ट आहे.

माऊस म्हातारा झाला की एका क्लिकचे दोन होतात. कर्सर नुसता ठेवायचा असताना अख्खा शब्द निवडला जातो आणि पुढचे अक्षर टाईप करताच तो शब्द गायब होतो. असे आठवड्यात दोन-तीनदा झाले तर आतला लहान स्विच झिजला आहे. दुरुस्तीच्या खर्चात बहुधा नवा येतो. कीबोर्डात याच जातीचा दोष एका दाबात दोन अक्षरे उमटण्याचा. नोटपॅड उघडून भाषा इंग्रजी करायची आणि संशयित कळ पन्नास वेळा दाबून अक्षरे मोजायची. पन्नासपेक्षा जास्त आली तर कळ दोषी.

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा जवळचे कुठलेही संगणकाचे दुकान असो, कीबोर्ड हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नामांकित कंपन्यांच्या नकला बाजारात असतात, म्हणून पक्के बिल घ्यावे आणि खोक्यावरचा व मालावरचा अनुक्रमांक एकच आहे का पाहावे. स्वतःचा लॅपटॉप नेता आला तर उत्तम. मराठी कीबोर्ड जोडलेला असेल तर विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते. मग हे एक वाक्य दहा वेळा टाईप करावे: ‘आईने चटणी, डाळ आणि केळी एकाच ताटात वाढली.’ यात उजवा शिफ्ट सहा वेळा लागतो, डावा तीन वेळा, आणि करंगळीच्या च, ट, ड, ढ या अक्षरांची फेरी होते. दहाव्या वेळी ‘केळी’ची ‘केली’ होत नसेल, ‘आणि’ वरच्या ओळीत पळत नसेल आणि करंगळी तक्रार करत नसेल, तर तो कीबोर्ड घ्यावा. घरी आणल्यावर खोके आणि बिल निदान महिनाभर टाकू नये. एखादी कळ सदोष निघाली तर तेवढ्या रोजच्या वापरात ती बहुधा कळते.